टॅरोला प्रश्न कसा विचारावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी टॅरो वाचते आणि शिकवते. मला येणाऱ्या निरोपांत सगळ्यात जास्त वेळा आलेलं वाक्य आहे, “ताई, त्याचं माझ्यावर प्रेम आहे का, एवढंच बघून सांगा.” मी प्रत्येक वेळी कार्डं बाजूला ठेवते आणि आधी प्रश्नावर बोलते. त्यावरून पुढे जे प्रश्न येतात, ते इथे एकत्र केले आहेत. कार्डांची इंग्रजी नावं आपण बोलताना वापरतो तशीच ठेवली आहेत. चित्रांची वर्णनं रायडर-वेट-स्मिथ या डेकची आहेत, कारण बहुतेकांच्या हातात तोच असतो.

१. “त्याचं माझ्यावर प्रेम आहे का?” यात चुकीचं काय आहे? मला तेवढंच तर जाणून घ्यायचं आहे.

जाणून घ्यावंसं वाटण्यात काहीच चुकीचं नाही. अडचण अशी, की हा प्रश्न कार्डाच्या चित्रात मावत नाही. डेकमध्ये ७८ कार्डं असतात आणि त्यातल्या एकावरही ‘हो’ किंवा ‘नाही’ काढलेलं नाही. टू ऑफ कप्सवर दोन माणसं समोरासमोर उभी राहून एकमेकांपुढे पेला धरतात. फाइव्ह ऑफ पेंटॅकल्सवर दोन गरीब माणसं बर्फातून चालली आहेत आणि त्यांच्या डोक्यावर एक उजळलेली खिडकी आहे. या चित्रांचं ‘हो’ आणि ‘नाही’ आपण करतो. तसं केलं की चित्रातली उपयोगी गोष्ट हातातून जाते. ती उजळलेली खिडकी ‘नाही’मध्ये दिसतच नाही.

दुसरी अडचण अशी, की प्रश्न ज्याच्या मनाबद्दल आहे तो समोर बसलेला नाही. समोर तुम्ही आहात. कार्ड बघून जे काही सुचतं, आठवतं, टोचतं, ते तुमच्या मनातलं असतं. टॅरोचं काम मी तरी तिथपर्यंतच मानते.

तिसरी अडचण घरी गेल्यावर कळते. ‘हो’ आलं तर संध्याकाळी त्याचा फोन आला नाही, की ते विरून जातं. ‘नाही’ आलं तर रात्र रडण्यात जाते. दोन्हीत उद्या सकाळी काय करायचं, हे कळत नाही. “हे नातं वाढायला कशाची मदत होईल?” असं विचारलं, तर प्रत्येक कार्डातून निदान एक करण्याजोगी गोष्ट निघते.

२. खुला प्रश्न म्हणजे “का”, “काय”, “कसं” असलेला प्रश्न ना?

इंग्रजी पुस्तकांत असं सोपं सूत्र सापडतं, पण मराठीत ते जसंच्या तसं चालत नाही. आपल्याकडे ‘का’ वाक्याच्या शेवटी आला की हो-नाही होतं: “तो येईल का?” तोच मध्ये आला की कारण विचारतो: “तो का येत नाही?” कोल्हापूर, नागपूरकडे “तो येतो काय?” असंही विचारतात. तिथे ‘काय’ असूनही प्रश्न बंदच आहे. म्हणून शब्द न मोजता कान लावा. प्रश्नाला नुसती मान हलवून उत्तर देता येत असेल, तर तो बंद आहे.

‘ना’वर विशेष लक्ष ठेवा. “तो मला विसरला नाही ना?” यात विचारणाऱ्याला माहिती नको असते, धीर हवा असतो. धीर हवा असेल तर मैत्रिणीला फोन करावा. कार्डाकडून तो मागितला, की थ्री ऑफ स्वोर्ड्स आल्यावर माणूस दुप्पट खचतो.

आणखी एक फसवा प्रकार असतो: “मी त्याला परत कसं मिळवू?” ‘कसं’ आहे, मान हलवून उत्तर देता येत नाही, पण तो परत यायलाच हवा हे आधीच ठरलेलं आहे. “तो मला का टाळतो?” यातही तो टाळतो, हे गृहीत धरलेलं आहे. कदाचित तो कामात बुडाला असेल. प्रश्नात लपलेला निकाल आधी शोधून बाहेर काढावा लागतो.

३. माझा प्रश्न मी बदलू कसा? ओळीनं सांगाल का?

आधी मनात जसा आहे तसाच, न लाजता कागदावर लिहा. तो सुधारून लिहिला, तर खरी बोच कुठे आहे हे दिसत नाही.

त्याखाली दोन ओळी लिहा: “हो आलं तर मी काय करीन?” आणि “नाही आलं तर मी काय करीन?” सगळ्यात जास्त काम या दोन ओळी करतात. पुष्कळदा दोन्हींचं उत्तर एकच निघतं: “मी त्याच्याशी बोलीन.” मग खरा प्रश्न प्रेमाचा नसून बोलण्याचा आहे. कुणी लिहितं, “हो आलं तर वाट बघीन, नाही आलं तर घरी सांगितलेलं स्थळ बघीन.” मग प्रश्न वाट बघण्याच्या मुदतीचा आहे.

आता वाक्याचा कर्ता बदला. ‘तो’ काढा आणि ‘मी’, ‘आम्ही’ किंवा ‘हे नातं’ घाला. “तो बोलेल का?”चं “आमच्यात मोकळं बोलणं व्हायला माझ्याकडून काय हवं आहे?” असं होतं.

शेवटी त्याला काळाची आणि जागेची चौकट द्या. “आमच्या नात्याबद्दल सांगा” हा इतका उघडा प्रश्न आहे, की त्यावर कुठलंही कार्ड काहीही सांगू शकतं. “येत्या महिनाभरात, आम्ही दोघं वेगवेगळ्या शहरांत असताना, हे नातं कशानं वाढेल?” यात कार्डाला पाय टेकायला जागा मिळते. मी महिना ते तीन महिने यापलीकडे जात नाही.

प्रश्न मोठ्यानं वाचा आणि मगच पत्ते पिसायला घ्या. पिसताना प्रश्न बदलत राहिला, तर थांबून पुन्हा लिहा.

४. देवाला कौल लावताना आपण हो-नाहीच विचारतो. मग टॅरोला का नाही?

हा प्रश्न कोकणातून आणि गोव्यातून फार येतो आणि मला तो आवडतो, कारण आपल्या हो-नाहीच्या सवयीचं एक मूळ इथे आहे. कौलात मूर्तीला ओल्या पाकळ्या किंवा कळे लावतात, गाऱ्हाणं घालतात आणि कोणत्या बाजूची पाकळी आधी पडते ते बघतात. साधारणपणे उजवी पडली की होकार आणि डावी पडली की नकार, देवळागणिक थोडाफार फरक असतो. ती रचनाच दोन उत्तरांची आहे. शिवाय विचारणारा गाऱ्हाण्यात देवाला मान देऊन निर्णय त्याच्यावर सोपवतो आणि आलेला कौल पाळतो.

टॅरोत दोन बाजू नाहीत, ७८ चित्रं आहेत. त्यांच्यातून होकार-नकार काढायला आधी प्रत्येक चित्राला एक बाजू नेमून द्यावी लागते. ती नेमणूक कुणी केली, हे पुस्तकागणिक बदलतं. हरमिटच्या हातातल्या कंदिलाला कुणी ‘हो’ म्हणतं, कुणी ‘नाही’. ज्याची कौलावर श्रद्धा आहे त्यानं कौलच लावावा. टॅरोकडे चित्र बघायला यावं.

५. टॅरो मुळात भविष्य सांगण्यासाठीच बनलं ना? मग हे खुल्या प्रश्नांचं नवीन खूळ कुठून आलं?

टॅरो मुळात पत्त्यांचा खेळ होता. १५व्या शतकात उत्तर इटलीत तो खेळला जायचा आणि मिलानच्या व्हिस्कोन्ती-स्फोर्झा घराण्यांसाठी रंगवलेली त्या काळातली काही कार्डं आजही जपून ठेवलेली आहेत. भविष्यासाठी या पत्त्यांचा गाजावाजा १८व्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये सुरू झाला.

खुल्या प्रश्नाशी जास्त संबंध आहे तो १९०९ सालाचा. त्या वर्षी लंडनमध्ये आर्थर एडवर्ड वेट यांच्या कल्पनेनुसार पामेला कोलमन स्मिथ यांनी काढलेला डेक निघाला. त्याआधीच्या बहुतेक डेकमध्ये एक ते दहा आकड्यांच्या पत्त्यांवर नुसते पेले, तलवारी, काठ्या, नाणी मोजून मांडलेली असत. स्मिथबाईंनी त्यातल्या बहुतेक पत्त्यांवर माणसं घातली: कुणी झोपलेलं, कुणी नाव वल्हवणारं, कुणी दोन्ही हातांत दहा काठ्यांचा भारा घेऊन वाकलेलं. पत्त्यावर प्रसंग आला, की “यात काय चाललंय?” असं विचारता येतं. म्हणून मी नवशिक्यांना हाच डेक घ्यायला सांगते. मार्सेलसारख्या जुन्या धाटणीच्या डेकवरही खुला प्रश्न चालतो, पण तिथे आकडा आणि रंग यांवरून अर्थ लावायची सवय हवी.

६. प्रत्यक्षात हे कसं होतं? एखादं उदाहरण सविस्तर सांगा.

नाशिकच्या एका तिशीतल्या मुलीचं सांगते. तिची परवानगी आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिचा मित्र पाच महिन्यांपूर्वी नोकरीसाठी बंगळुरूला गेला. आधी रोज रात्री फोन व्हायचा, मग फक्त रविवारी होऊ लागला. ती “त्याचं माझ्यावर अजून प्रेम आहे का?” हे घेऊन आली होती आणि घरी चार वेळा कार्ड काढून बसली होती. दोनदा ‘हो’ आलं होतं, दोनदा ‘नाही’.

तिला तिसऱ्या प्रश्नात सांगितलेल्या दोन ओळी लिहायला दिल्या. ‘हो आलं तर’ पुढे तिनं लिहिलं, “थांबीन.” ‘नाही आलं तर’ पुढे बराच वेळ काही लिहिलं नाही, मग लिहिलं, “तरी थांबीन.” आम्ही दोघी त्या कागदाकडे बघत बसलो. ती थांबणारच होती. मग थांबण्याचे हे दिवस कसे घालवायचे, हा प्रश्न उरला. तिनं शेवटी लिहिलं: “येत्या दोन महिन्यांत, लांब राहून, आमचं नातं कशानं वाढेल?”

तीन जागा आधीच ठरवल्या. पहिली: माझ्या बाजूनं आत्ता काय चाललं आहे. दुसरी: कशानं हे वाढेल. तिसरी: मी कुठे अडते आहे. जागा कार्ड काढण्याआधी ठरवाव्या लागतात. कार्ड बघून जागा ठरवली, तर आपण सोयीचा अर्थ सोयीच्या खणात टाकतो.

पहिल्या जागी फोर ऑफ कप्स आलं. झाडाखाली एक तरुण हाताची घडी घालून बसला आहे. समोर तीन पेले आहेत आणि ढगातून एक हात चौथा पेला पुढे करतो आहे, पण त्याचं लक्ष नाही. घरी हेच कार्ड आलं होतं तेव्हा तिनं ‘त्याला रस नाही’ असा अर्थ घेऊन ‘नाही’ धरलं होतं. आता जागा ‘माझ्या बाजूनं’ अशी होती. मी विचारलं, “हा चौथा पेला कुठला असेल?” ती थोड्या वेळानं म्हणाली, की तो रोज सकाळी ऑफिसला जाताना दोन-तीन मिनिटांचा आवाजी निरोप पाठवतो, पण तो रात्रीचा फोन नाही म्हणून ती रागानं उत्तर देत नाही. काही तर तिनं ऐकलेलेही नव्हते.

दुसऱ्या जागी एट ऑफ पेंटॅकल्स आलं. एक कारागीर बाकावर बसून एकामागून एक तशीच नाणी घडवतो आहे. प्रेमाच्या प्रश्नात हे कार्ड आलं की लोक हिरमुसतात, त्यांना कप्स हवे असतात. पण ‘कशानं वाढेल’ या प्रश्नाला हे नेमकं उत्तर आहे: छोटं, ठरलेलं, पुन्हा पुन्हा केलेलं काम. तिनं स्वतःच ठरवलं, की सकाळच्या निरोपाला त्याच दिवशी उत्तर द्यायचं आणि बुधवारी रात्री साडेनऊची वेळ दोघांनी पक्की करायची.

तिसऱ्या जागी टू ऑफ स्वोर्ड्स होतं. डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाई, छातीशी दोन तलवारींची फुली, पाठीमागे समुद्र. इथे ती रडली. पट्टीमागे काय आहे, हे तिला ठाऊक होतं. “तू परत येणार आहेस, की मी तिकडे यायचं?” हे तिनं पाच महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं तर उत्तर मिळेल, ही भीती होती.

तिनं पुढच्याच बुधवारी विचारलं. त्याला तिथे आणखी दोन वर्षं थांबण्याबद्दल विचारणा झाली होती आणि तो सांगायला घाबरत होता. पुढचा निर्णय त्या दोघांचा आहे आणि अजून चालू आहे. तीन कार्डांत बंगळुरूच्या नोकरीबद्दल एक अक्षर नव्हतं. जे विचारायचं राहिलं होतं, तिथे तिचं बोट कार्डांमुळे पडलं, इतकंच.

७. प्रश्न नीट झाला की नाही, हे कार्ड काढण्याआधी कसं ओळखू?

डेकमधून दोन कार्डं उघडी करून हातात घ्या: द सन आणि थ्री ऑफ स्वोर्ड्स. एकावर उजळ सूर्य आणि घोड्यावर मूल आहे, दुसऱ्यावर पावसात तीन तलवारी खुपसलेलं हृदय. तुमचा लिहिलेला प्रश्न दोन्हींसमोर वाचा.

“त्याचं माझ्यावर प्रेम आहे का?” याला सन म्हणेल ‘हो’, थ्री ऑफ स्वोर्ड्स म्हणेल ‘नाही’, आणि दोघं तिथेच थांबतील. “हे नातं कशानं वाढेल?” याला सन म्हणेल, लहान मुलासारखा खेळकरपणा परत आणा, उघड्यावर, लोकांत एकत्र जा. थ्री ऑफ स्वोर्ड्स म्हणेल, जुन्या दुखण्याचं नाव घ्या, ते बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. दोन्ही कार्डांनी काही तरी हाती दिलं, म्हणजे प्रश्न जमला. एक कार्ड आनंद देतं आणि दुसरं नुसतं घाबरवतं, असं झालं तर तिसऱ्या प्रश्नातल्या पायऱ्यांकडे परत जा.

मग दोन्ही कार्डं परत डेकमध्ये घालून नीट पिसा.

८. उत्तर पटलं नाही, तर लगेच पुन्हा काढलं तर चालतं का?

बंद प्रश्न असेल तर पुन्हा काढणं म्हणजे हवं ते उत्तर येईपर्यंत काढणं. हिशोब करून बघा. ७८ पैकी निम्मी, म्हणजे ३९ कार्डं तुम्ही ‘हो’ धरलीत, तर एकदा काढल्यावर ‘हो’ यायची शक्यता निम्मी. तीनदा काढलंत, तर निदान एकदा ‘हो’ यायची शक्यता आठात सात. तिसऱ्यांदा ‘हो’ आल्यावर आपण थांबतो आणि तेच खरं मानतो. सहाव्या उत्तरातल्या मुलीनं चार वेळा काढलं आणि दोन-दोन आलं, यात काहीच नवल नव्हतं.

खुल्या प्रश्नात ही ओढ कमी होते, कारण पुढचं कार्ड आधीचं खोडत नाही. तरी मी सांगते, की काही तरी बदलल्याशिवाय तोच प्रश्न पुन्हा घेऊ नका. बोलणं झालं, भेट झाली, ठरवलेली गोष्ट करून पाहिली, मग घ्या. कार्ड समजलंच नाही, तर नवं काढायच्या ऐवजी तेच चित्र दोन दिवस टेबलावर उभं ठेवा.

९. “आमचं लग्न कधी होईल?” हा तरी खुला आहे ना?

मान हलवून उत्तर देता येत नाही, म्हणून खुला वाटतो. पण ‘कधी’ला एकच तारीख हवी असते. कार्डांवर तारखा नाहीत. काही जण वाँड्स म्हणजे दिवस, कप्स म्हणजे आठवडे अशी कोष्टकं वापरतात आणि दोन पुस्तकांतली कोष्टकं जुळत नाहीत.

‘कधी’च्या जागी ‘काय झालं म्हणजे’ घालून बघा. “काय झालं म्हणजे आम्ही दोघं लग्नाला तयार असू?” इथे घर, पैसे, आईवडील, जात, नोकरी असे खरे अडथळे समोर येतात. मुलाच्या लग्नासाठी विचारणाऱ्या आईबाबांनाही हेच लागू, फक्त त्यांनी “माझ्या मुलाशी या विषयावर मी कसं बोलू?” एवढ्यावर राहावं. मुलाचा प्रश्न मुलानं विचारायचा.

१०. निदान त्याच्या मनात काय चाललंय, हे विचारू शकते का?

मी तसं वाचत नाही. एक कारण पहिल्या उत्तरात दिलं आहे. दुसरं कारण असं, की त्याची परवानगी नाही. माझ्या मनाची चिकित्सा माझ्यामागे कुणी दोघांनी बसून केली, तर मला आवडणार नाही.

आणि एक मोठा धोका आहे. नाइट ऑफ कप्स आला, की “हा तोच!” म्हणून आपण त्या घोडेस्वाराला त्याचा चेहरा देतो. मग तो प्रत्यक्षात वेगळं वागला, तरी आपण कार्डातल्या माणसाशी नातं ठेवतो. विचारायचंच तर असं विचारा: “त्याचं कोणतं वागणं मी बघते आहे आणि कोणतं नजरेआड करते आहे?” यात तो आहे, पण बघणाऱ्या तुम्ही आहात.

११. स्थळ आलंय, रविवारी कळवायचं आहे. तिथे होकार की नकार एवढंच लागतं. मग?

निर्णय हो-नाहीचा असला, तरी प्रश्न तसा असायची गरज नाही. रविवारचा होकार किंवा नकार तुम्हीच द्यायचा आहे. त्याआधी कुठली माहिती कमी पडते आहे, हे कार्डाकडून शोधा: “होकार देण्याआधी मला काय विचारून घ्यायला हवं?”

एकीला यावर फोर ऑफ पेंटॅकल्स आलं, नाणी छातीशी आणि पायांखाली घट्ट दाबून बसलेला माणूस. तिनं ठरवलं, की लग्नानंतर पगार कुणाच्या खात्यात आणि घरखर्च कसा, हे स्पष्ट विचारायचं. कांदेपोह्यांत कुणी ते विचारत नाही. त्याला ‘हो-नाही’ विचारलं असतं, तर ‘मुलगा चिक्कू आहे’ म्हणून बिचारा विनाकारण बाद झाला असता.

दोन पर्यायांत अडकला असाल, तर प्रत्येकासाठी एक कार्ड काढा आणि दोन्हींना एकच प्रश्न विचारा: “या वाटेनं गेले तर मला काय सांभाळावं लागेल?” ‘कुठलं चांगलं?’ असं विचारलं, की पुन्हा बंद प्रश्न झाला.

१२. आमच्यात अजून काहीच नाही. मला तो आवडतो, त्याला माहीतही नाही. “हे नातं कसं वाढेल” विचारू?

नको. त्या वाक्यात नातं आहे असं गृहीत धरलं आहे आणि कार्डं तुमच्याशी वाद घालणार नाहीत. तुम्ही गृहीत धरलेल्या नात्यावर ती बोलत राहतील आणि दोन महिन्यांत तुमच्या मनात एक पूर्ण संसार उभा राहील. खुल्या प्रश्नाचा हा खरा दोष आहे, बंद प्रश्नात तो निदान ‘नाही’ ऐकून तुटतो.

तुमच्यासाठी दोन प्रश्न चांगले: “या ओढीतून माझी कुठली गरज मला दिसते आहे?” आणि “त्याला सांगायला मला काय बळ देईल?” दुसरा प्रश्न एकदाच विचारायचा. मग सांगायचं, किंवा न सांगायचं ठरवायचं. सोडून गेलेल्या जोडीदाराबद्दलही हेच. ज्यानं स्पष्ट नकार दिला आहे, त्याच्याशी नातं कसं वाढेल, हे विचारू नका. “हे सोडून देताना मला कशाचा आधार होईल?” असं विचारा.

१३. तो रागात हात उचलतो, पण नंतर माफी मागतो. नातं सुधारायला काय करू, असं कार्डांना विचारलं तर?

इथे मी कार्डं काढत नाही. ‘कशानं वाढेल’, ‘माझ्याकडून काय हवं’ हे प्रश्न एरवी बळ देतात, पण मार खाणाऱ्या बाईच्या तोंडी ते सगळा भार तिच्यावर टाकतात. कुठलंही कार्ड आलं, तरी ‘मी आणखी समजून घ्यायला हवं’ असाच अर्थ निघतो. फोन तपासणं, पैसे काढून घेणं, माहेरी जाऊ न देणं, यालाही हेच लागू आहे.

१८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे, जीवाला धोका वाटला तर ११२. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या बाईलाही संरक्षण देतो. आधी सुरक्षित जागा आणि एक भरवशाचं माणूस. टॅरो नंतर, वाटलं तर.

१४. कार्ड उलटं आलं तर खुल्या प्रश्नात त्याचा अर्थ काय?

उलटं म्हणजे ‘नाही’ धरण्याची सवय बंद प्रश्नातून आली आहे. खुल्या प्रश्नात मी उलट्या कार्डाला ‘हीच गोष्ट, पण अडलेली’ असं वाचते. सरळ टेम्परन्समध्ये देवदूत एका पेल्यातून दुसऱ्यात पाणी ओततो. उलटं आलं, की देवाणघेवाण कुठे तुंबली आहे, ते बघायचं. सुरुवातीला सगळी कार्डं सरळच ठेवून काढलीत तरी काही बिघडत नाही.

१५. प्रश्न मराठीत विचारावा की इंग्रजीत?

ज्या भाषेत तुम्ही त्याच्याशी भांडता, त्या भाषेत. घरी मराठीत रुसणारी मुलगी प्रश्न इंग्रजीत लिहिते, तेव्हा तो छान दिसतो आणि कुठेच टोचत नाही. अमेरिकेत वाढलेल्या एका मुलानं मला हेच उलट्या बाजूनं सांगितलं: मराठीत त्याला भावनांचे शब्दच सापडत नव्हते. त्यानं इंग्रजीत लिहिलं आणि ते योग्यच होतं.

१६. मी मैत्रिणींसाठी कार्डं काढते. त्या बंद प्रश्नच धरून बसतात. त्यांना कसं वळवू?

“असं विचारायचं नसतं” म्हणू नका, ती आधीच घाबरलेली असते. तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत लिहून घ्या आणि विचारा, “हे आजच विचारावंसं का वाटलं?” जवळपास नेहमीच काल-परवाची एक घटना निघते: निळी खूण आली पण उत्तर नाही, वाढदिवस विसरला, त्याच्या आईनं काही तरी म्हटलं. प्रश्न त्या घटनेवर लावा. “वाढदिवसाचं मला लागलं, हे त्याला कसं सांगू?” यावर एकच कार्ड पुरतं.

तरीही ती हटून बसली, तर कार्ड न काढता चहा ठेवा. मी एक-दोनदा आग्रहाला बळी पडून ‘हो’ सांगितलं आहे. त्यातल्या एकीनं त्या ‘हो’वर वर्षभर वाट बघितली. तिनं मला कधी बोल लावला नाही, पण तेव्हापासून मी प्रश्न कागदावर आल्याशिवाय डेकला हात लावत नाही.